सदोष मालाची सूचना लिहिताना या चुका टाळा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या घरगुती उपकरणांच्या एका छोट्या कंपनीत मी सर्व्हिस विभाग सांभाळते. आमच्या मालात दोष निघाला, तो वापरू नका, पैसे किंवा नवा नग घेऊन जा, अशी जाहीर सूचना लिहायची वेळ लहान कंपनीवर क्वचितच येते. म्हणून लिहिणारा दर वेळी नवखा असतो. तो एखाद्या मोठ्या ब्रँडची जुनी सूचना शोधतो, नाव आणि फोन नंबर बदलतो आणि संध्याकाळच्या आत पाठवून मोकळा होतो. अंबड-सातपूरमधली ओळखीची मंडळी हल्ली अशा सूचना मला आधी वाचायला देतात. नावं बदलतात, चुका मात्र त्याच असतात. आमच्या स्वतःच्या पहिल्या सूचनेतही त्या सगळ्या होत्या, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

आमची दीड लिटरची, १५०० वॉटची इलेक्ट्रिक केटली. ज्या बेसवर ती ठेवतो, त्याच्या आत वायरची टोकं पितळी टर्मिनलमध्ये दाबून बसवलेली असतात. याला आम्ही क्रिंपिंग म्हणतो. २०२४ च्या सप्टेंबरात क्रिंपिंगची डाय, म्हणजे टर्मिनल दाबणारा साचा, झिजली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. टर्मिनल वरून नीट दिसायचं, आतली पकड मात्र सैल. १५०० वॉटला साधारण साडेसहा अँपिअर करंट जातो. सैल जोडाला नुसता एक दशांश ओहमचा अडथळा असला तरी त्या एका ठिपक्यावर चार वॉटच्या आसपास उष्णता तयार होते. आकडा किरकोळ वाटतो, पण ती जागा तांदळाच्या दाण्याएवढी आणि सगळीकडून प्लास्टिकने बंद. जोड तापतो, तापून काळवंडतो, काळवंडला की अडथळा वाढतो आणि तो आणखी तापतो. काही आठवड्यांत बेसचं प्लास्टिक मऊ पडायला लागतं.

यात एमसीबी पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. शॉक लागत नाही, म्हणजे आरसीसीबीही गप्प. पाणी नेहमीसारखं उकळतं. ही गोष्ट मी इतकी उलगडून सांगते आहे, कारण सूचनेतल्या सगळ्या चुका इथूनच निघतात. दोष कसा वागतो हे कळलं नसेल तर सूचना लिहायला बसू नका. तासभर लागला तरी चालेल, प्रॉडक्शनच्या माणसाशेजारी बसा आणि उघडलेला नग हातात घेऊन बघा.

पहिली चूक: धीर देणारे शब्द

आमच्या पहिल्या सूचनेचं शीर्षक होतं ‘सन्माननीय ग्राहकांसाठी महत्त्वाचे निवेदन’. पहिल्या परिच्छेदात कंपनीचा इतिहास, दुसऱ्यात गुणवत्तेबद्दलची बांधिलकी. तिसऱ्यात असं वाक्य: ‘काही मोजक्या केटल्यांच्या बेसमध्ये किरकोळ तांत्रिक त्रुटी आढळली असून काळजीचे कोणतेही कारण नाही. आपल्याला त्रास जाणवल्यास कृपया संपर्क साधावा.’

सूचना गेली त्यानंतर नवव्या दिवशी सिडकोतून एका मावशींचा फोन आला. त्यांचा आवाज शांत होता. बेस ओट्याला चिकटलाय, निघत नाही, एवढंच त्या म्हणाल्या. मी स्वतः गेले. बेस खालून वितळून ग्रॅनाइटवर बसला होता, मागच्या टाइलवर तपकिरी पट्टा उठला होता आणि तिथून वीतभर अंतरावर तेलाची बरणी होती. मावशींनी सूचना वाचली होती. मुलाने व्हॉट्सअपवर पाठवली होती, ती त्यांनी मला फोनवर उघडूनही दाखवली. म्हणाल्या, “तुम्हीच लिहिलंय ना, काळजीचं कारण नाही म्हणून? आणि मला त्रास काहीच नव्हता. पाणी छान तापत होतं.”

त्यांचं प्रत्येक म्हणणं खरं होतं. बाहेरून काहीच दिसत नाही असा दोष, आणि आम्ही त्यांना सांगितलं की दिसला तर फोन करा. ‘त्रास जाणवल्यास’ हे दोन शब्द तेव्हापासून माझ्या हातून कुठल्याही सूचनेतून कापले जातात. मिक्सरचा आवाज वाढला किंवा झाकण सैल बसलं, तर ते ग्राहकाला कळतं आणि तिथे ते शब्द चालतील. पण बंद जागेतला जोड, आतलं इन्सुलेशन, थर्मल कटऑफ यातलं काही असेल, तर ठीक दिसणारा नगही परत मागवायचाच असतो आणि ते तसंच लिहायचं असतं.

शांत भाषा हवी हे मलाही मान्य आहे. ‘स्फोट’, ‘जीवघेणा’ असले शब्द घातले की लोक दोन तासांत दोनशे फोन करतात आणि ज्याच्या घरी खरंच जळका वास येतोय त्याचा फोन लागत नाही. पण ‘किरकोळ’, ‘मोजक्या’, ‘सावधगिरी म्हणून’ या शब्दांनी वाचणारा शांत होत नाही, तो सूचना वाचायची थांबतो. कुठला नग, तो कसा ओळखायचा, आत काय होतंय आणि आज काय करायचं, एवढं पहिल्या चार ओळींत मिळालं की माणूस आपोआप थाऱ्यावर येतो. आमची सुधारित सूचना अशी सुरू होते:

‘आमची दीड लिटरची केटली तुमच्याकडे असेल तर बेस उलटा करून चंदेरी स्टिकर बघा. बॅच क्रमांक २४३८, २४३९, २४४० किंवा २४४१ असेल तर केटली वापरणे आजपासून थांबवा आणि प्लग काढून ठेवा. या केटल्यांच्या बेसमधला वायरचा जोड सैल राहिला आहे. तो वापरताना तापतो, प्लास्टिक वितळू शकते आणि आग लागू शकते. केटली चांगली चालत असली तरीही वापरू नका. आम्ही तुम्हाला नवी केटली किंवा पूर्ण पैसे देऊ. बाकीच्या बॅचमध्ये हा दोष नाही.’

यात कंपनीचं कौतुक नाही, दिलगिरीही नाही. दिलगिरी शेवटी एका वाक्यात आहे, मनापासून आहे. नवी मुलं ती वर घेतात आणि बॅच क्रमांक तळाला नेतात. अर्धे वाचक तळापर्यंत पोचतच नाहीत.

बॅचची हद्द तक्रारींवरून आखणं

पहिल्या सूचनेत आम्ही २४३९ आणि २४४० एवढ्याच बॅच घातल्या होत्या, कारण तक्रारी तेवढ्यांतूनच आल्या होत्या. (पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे.) मावशींच्या बेसवर २४३९ होतं. पण त्याच आठवड्यात पिंपळगाव बसवंतहून २४३८ चा काळा पडलेला बेस आला आणि मालकांपासून सगळ्यांची झोप उडाली.

हद्द तक्रारींवरून ठरत नाही. वहीतून ठरते. डाय शेवटची तपासून बरोबर निघाली ती ३८ व्या आठवड्याच्या सोमवारी. नवी डाय बसवली ४१ व्या आठवड्याच्या शनिवारी. मधलं सगळं संशयित, मग त्यातून एकही तक्रार आलेली नसो. २,१६० केटल्या. पैकी ५४० गोदामात आणि दुकानांत अडवता आल्या, १,६२० घरोघरी पोचल्या होत्या. दोन बॅचवर भागवून बघू, वाढल्या तर पुन्हा सांगू, असं मालक लोक म्हणतात, आणि त्यात पैशांची चिंता असते हे मला कळतं. तरी माझं मत ठाम आहे. दुसऱ्यांदा हद्द वाढवली की ज्याला ‘तुमची केटली सुरक्षित आहे’ म्हणून सांगितलं होतं, तो माणूस तुमचं तिसरं वाक्य ऐकत नाही. डाय कधी तपासली याची नोंदच नसेल तर आधी त्या वर्षाचा सगळा माल धरा आणि मागून तपासणी करून हद्द कमी करा. हद्द कमी झाली तर कुणी रागावत नाही.

दुसरी मोठी चूक: बिल मागणं

हिच्याबद्दल बोलताना माझा आवाज अजून चढतो.

ही केटली आम्ही दिवाळीच्या तोंडावर बाजारात आणली. निफाडला थंडी उतरायला लागली की इकडे पाणी तापवायच्या वस्तूंना गिऱ्हाईक वाढतं, आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. मेन रोड, रविवार कारंजा, सिन्नर, येवला, कुठल्याही दुकानात विचारा, हजार-बाराशेच्या आतली खोक्यातली वस्तू कशाला जाते. आहेराला जाते, रुखवताला जाते. जिच्या घरात ती वापरली जाते तिच्याकडे बिल असायचं कारणच नाही. खोकंसुद्धा बहुतेक वेळा दुसऱ्याच आहेराला पुढे गेलेलं असतं.

आणि आमच्या पहिल्या सूचनेत लिहिलं होतं: ‘मूळ बिल, वॉरंटी कार्ड आणि खोक्यासह संपर्क साधावा.’

ओझरची एक मुलगी, लग्न होऊन दोन महिने झालेली, केटली पिशवीत घालून बसने अंबडला आली. गेटवर आमच्याच माणसाने तिला बिल विचारलं. नाही म्हणाल्यावर ‘ज्यांनी दिली त्यांच्याकडून आणा’ असं सांगितलं. आहेरात वस्तू देणाऱ्या मामेसासऱ्यांना नव्या सुनेने बिल मागायचं, हे आपल्याकडे शक्य तरी आहे का? ती केटली घेऊन परत गेली. संध्याकाळी रजिस्टर चाळताना मला ती नोंद दिसली: ‘बिल नाही, परत पाठवले.’ नशिबाने फोन नंबर लिहिला होता. दुसऱ्या दिवशी नवी केटली घेऊन आमची गाडी ओझरला गेली. नंबर नसता तर तो बेस आजही कुठल्यातरी ओट्यावर असता.

बिल हा वॉरंटीतला कागद आहे. वॉरंटीत मुदत मोजायची असते, म्हणून तारीख लागते. इथे मुदतीचा प्रश्नच नाही. आपण वस्तू सदोष बनवली, ती बाहेर नको, एवढाच मुद्दा आहे आणि बेसवरचा बॅच क्रमांक हाच त्याचा पुरावा आहे. खोट्या केटल्या येतील अशी भीती हिशेबनीस घालतात. दुसऱ्याची केटली आणली तरी तिच्यावर तुमचा स्टिकर आणि त्या चारांपैकी बॅच असेल तर ती तुम्हाला हवीच आहे.

उरतो प्रश्न पैसे किती द्यायचे याचा. बिल असेल तर बिलाची रक्कम. नसेल तर कोणती? छापील किंमत १,४९९, दुकानात ती साडेनऊशेपासून अकराशेपर्यंत जायची. आम्ही सरळ ‘बिल नसल्यास रु. १,१००’ असा आकडा सूचनेतच छापला. प्रत्येक फोनवर घासाघीस करण्यात सर्व्हिसच्या मुलींचा जो वेळ जातो, त्याची किंमत शंभर-दीडशेच्या फरकापेक्षा जास्त असते. ‘योग्य ती रक्कम दिली जाईल’ असं लिहू नका, आकडा लिहा. त्याच्याशेजारी दिवसही लिहा. आमचं वाक्य असं आहे: ‘फोटो मिळाल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत पैसे खात्यात जमा होतील.’ सातच्या जागी तुम्हाला जमेल तो आकडा घाला, पण ‘लवकरात लवकर’ नको.

वायर कापायला सांगताना

नग परत मागवण्यापेक्षा निकामी करून फोटो मागवणं लांबच्या गावांना सोयीचं पडतं. सुरगाण्याहून अंबडला केटली पाठवायला माणसाचा दिवस मोडतो. म्हणून आम्ही वायर कापून फोटो पाठवायला सांगतो. कापलेली केटली शेजारी कुणी वापरू शकत नाही, पुन्हा विकली जात नाही.

इथे पायऱ्यांचा क्रम जिवाशी आहे. एका ओळखीच्या कारखान्याचा मसुदा माझ्याकडे आला होता, त्यात लिहिलं होतं, ‘वायर मध्यभागी कापून प्लगसह फोटो पाठवा.’ प्लग काढा, हे कुठेच नव्हतं. लिहिणाऱ्याला ते गृहीत वाटलं. पण स्वयंपाकघरात केटलीचा प्लग बारा महिने बोर्डातच असतो आणि बटण बंद आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर बसवलेलं असलं, तर बटण बंद असूनही वायरीत फेज असतो. चालू वायरीवर कात्री लावायला सांगणारी सूचना दोषापेक्षा धोक्याची. मी ते काम चार वेगळ्या वाक्यांत लिहिते: आधी बटण बंद करा. मग प्लग बोर्डातून पूर्ण काढा आणि तुमच्या डोळ्यांसमोर ओट्यावर ठेवा. मग वायर बेसपासून वीतभर अंतरावर कापा. मग कापलेली वायर आणि स्टिकर दोन्ही दिसतील असा फोटो काढा. घरात वयस्कर माणूस एकटं असेल किंवा कापणं नको वाटत असेल तर आम्ही न्यायला येऊ, हेही त्याखाली असतं. वीस-पंचवीस घरं तरी हा पर्याय घेतात.

फोटो कसा हवा याचा एक नमुना फोटो सूचनेसोबत द्याच. शब्दांत सांगितलं की लोक केटलीच्या झाकणाचा फोटो पाठवतात. खालचं स्टिकर कुठे आहे तेही फोटोत बाण काढून दाखवा, कारण बेसवरचा मॉडेल क्रमांक ठळक असतो आणि बॅच क्रमांक बारीक. माझ्याकडे आलेले निम्मे चुकीचे फोन मॉडेल क्रमांक वाचून आलेले होते.

बाकीच्या, थोडक्यात

बदली नग पाठवण्याआधी गोदामातला जुना माल वेगळ्या खोलीत कुलूपबंद करा. आमच्याकडून दोन ग्राहकांना बदली म्हणून २४४१ च गेल्या होत्या. आता प्रत्येक बदली नगाचा बॅच क्रमांक रजिस्टरमध्ये लिहिल्याशिवाय खोकं बाहेर जात नाही.

दुकानदारांना सूचना ग्राहकांच्या आधी गेली पाहिजे. निदान सकाळी त्यांना, दुपारी ग्राहकांना.

सूचनेवर तारीख घाला आणि बदल केला तर ‘सुधारित’ लिहा. व्हॉट्सअपवर जुनी सूचना वर्षभर फिरत राहते.

‘सदर भरपाई स्वीकारल्यानंतर कोणताही दावा करता येणार नाही’ असं वाक्य वकिलाच्या सल्ल्याशिवाय कुणीतरी टाकतंच. काढून टाका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची उत्पादकाची जबाबदारी वेगळी मांडलेली आहे. केटलीचे पैसे परत केले म्हणून खराब झालेल्या ओट्याचा प्रश्न मिटत नाही. सिडकोच्या मावशींच्या टाइल आणि ग्रॅनाइटचा खर्च आम्ही वेगळा दिला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आम्ही सूचनेत खाली छापतो. मालकांना सुरुवातीला ते रुचलं नव्हतं.

पैसे परत देण्याची सूचना निघाली की भामटे त्यात आपला नंबर घालून ती पुढे पाठवतात. म्हणून ‘आम्ही ओटीपी किंवा यूपीआय पिन विचारत नाही, पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही’ ही ओळ ठळक हवी. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करा, हेही तिथेच.

परत आलेले नग भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत रिसायकलरकडेच गेले पाहिजेत. शिवाय भंगारात गेलेला बेस नवी वायर लावून दुरुस्तीच्या दुकानातून परत विकला जातो. सैल जोड तसाच आत राहतो.

शेवटची चूक म्हणजे मुदत घालणं. ‘३१ मार्चपर्यंतच संपर्क साधावा’ असं लिहिलं की वर्ष संपताना हिशेब मिटतो, केटली मात्र कुणाच्या तरी माळ्यावर असते आणि पुढच्या थंडीत खाली येते. आमच्या १,६२० पैकी आजवर १,१३० आल्या किंवा कापल्याचे फोटो आले. मागच्या डिसेंबरात कळवणहून एक फोटो आला: दिवाळीच्या साफसफाईत सापडलेली केटली, खोक्यातून कधी काढलेलीच नव्हती, बॅच २४४०. तिला नवी पाठवली. ४९० बाकी आहेत, त्यांची पानं रजिस्टरमध्ये कोरी आहेत आणि तो फोन नंबर चालू आहे.